मशीन फुटलं नव्हतं

आमच्या भागातल्या बँडवाल्यांत एक गोष्ट नऊ वर्षं फिरते आहे. एका क्लॅरिनेटवाल्यानं एवढा जोराचा सूर लावला, की रेकॉर्डिंगचं मशीन फुटलं. ही गोष्ट मी पानटपरीवर ऐकली आहे, दोन लग्नांत ऐकली आहे, आणि एकदा तर केस कापून घेताना ऐकली. सांगणारा न्हावी म्हणाला, "धूर निघाला म्हणे." मी आरशात स्वतःकडे बघत राहिलो.

धूर निघाला नव्हता. मशीन फुटलंही नव्हतं. ते अजून माझ्या कपाटात आहे आणि सेल घातले की चालतं. त्या दिवशी ते माझ्याच हातात होतं, म्हणून खरं काय ते मलाच सांगायला हवं.

कॅसेटचा जमाना होता तोवर माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. भजनी मंडळं, कव्वाल, शाळांची समूहगीतं, लग्नाचे बँड, सगळ्यांना मी टेपवर घेतलं. दोन डेक, एक मिक्सर आणि चार माइक एवढी माझी संपत्ती. डेकवर आवाज दाखवणारी सुई असायची. आवाज वाढला की ती उजवीकडे सरकायची आणि टोकाला लाल पट्टा लागायचा. नवीन माणूस लालला घाबरायचा. जुना माणूस सुई मुद्दाम लालमध्ये शिरू द्यायचा, कारण टेपला स्वतःचा एक फस्सऽऽ आवाज असतो आणि रेकॉर्डिंग जोरात घेतलं की तो खाली दबतो. टेप दिलदार. थोडं जास्त झालं तर सूर जरा जाड व्हायचा, पण तुटायचा नाही. "लाल लागल्याशिवाय रेकॉर्डिंग गरम होत नाही," हे माझं वाक्य होतं. लोक त्याची नक्कल करायचे.

दुकान बंद झाल्यावर मुलानं मला हाताच्या पंजाएवढं नवं मशीन आणून दिलं. डोक्यावर दोन माइक, बाजूला आवाज कमी-जास्त करायचं चाक, पडद्यावर वरखाली होणाऱ्या दोन पट्ट्या आणि वर एक बारीक लाल दिवा. त्याच्यासोबत माहितीपुस्तिका होती. चाळीस वर्षं रेकॉर्डिंग केलेला माणूस पुस्तिका कशाला वाचेल?

ज्यांच्या नावावर ती गोष्ट फिरते ते माझे जुने स्नेही. मी त्यांना उस्ताद म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात, आणि दोघंही ते निम्मं चेष्टेनं म्हणतो. ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आपल्याकडे पाठवणी म्हणतात तिला त्यांच्याकडे बिदाई. प्रत्येक बँड त्या वेळेला सिनेमातलंच गाणं वाजवायचा. उस्तादांना ते पटायचं नाही. "दुसऱ्याच्या पोरीसाठी भाड्याचं गाणं चालतंय," म्हणायचे, "स्वतःच्या पोरीला कसं चालंल?" म्हणून थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः बांधलेली धून वाजवली. साडेचार मिनिटांची. सुरुवात इतकी हळू, की वाजतंय हे आधी कळतच नाही. मग चढत जाते, आणि शेवटी मुखडा परत येतो तेव्हा तो वेगळ्या वळणानं येतो. वरच्या सुरावर चढताना उस्ताद मध्येच किंचित खाली घसरून पुन्हा सावरायचे, रडता रडता माणूस हसतो तसं. तेवढं ऐकायला लोक जेवण सोडून यायचे.

नऊ वर्षांपूर्वी मीच म्हणालो, "उस्ताद, ही धून नीट रेकॉर्ड करून ठेवू."

जागा माझ्या ओळखीच्या टॉवेलवाल्याचं गोदाम. इथले जुने रेकॉर्डिंगवाले ही गोष्ट जाणतात, की टॉवेलचे गठ्ठे छतापर्यंत रचलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. गठ्ठ्यांच्या मधल्या बोळात उस्ताद खुर्चीवर बसले, शेजारी साइड ड्रमवाला. मी मशीन एका गठ्ठ्यावर ठेवलं आणि उस्तादांना म्हणालो, "सुरुवात वाजवा." त्यांनी ती हळू सुरुवात वाजवली. पट्ट्या अर्ध्यावरही येईनात. मी चाक फिरवलं. अजून फिरवलं. पट्ट्या वरच्या टोकाला लागू लागल्या तेव्हा माझं समाधान झालं.

इथंच पहिली चूक. आवाजाची पातळी हळू भागावर कधी ठरवायची नसते. सगळ्यात जोराचा भाग आधी वाजवून घ्यायचा आणि त्याच्याही वर जागा मोकळी सोडायची.

धून सुरू झाली. दुसऱ्या मिनिटाला दिवा लाल झाला आणि लालच राहिला. उस्तादांचं ध्यान वाजवण्यात असलं तरी डोळे तिखट. ड्रमवाल्याचा एकट्याचा तुकडा आला तेवढ्यात क्लॅरिनेट ओठांवरून बाजूला घेऊन त्यांनी मला नुसत्या बोटानं दिवा दाखवला. मी हातानंच खूण केली, चालू द्या. शेवटच्या मुखड्याला तर ते खुर्चीवरून उठले आणि दोन पावलं माइककडे आले. संपल्यावर घाम पुसत म्हणाले, "मास्तर, दिवा लाल व्हता की."

मी म्हणालो, "होऊ दे. लाल लागल्याशिवाय रेकॉर्डिंग गरम होत नाही."

घरी येऊन ऐकलं तर शेवटची अडीच मिनिटं कागद फाडल्यासारखी. सुराच्या जागी करकर. मी तीन वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी उस्ताद मोठ्या हौसेनं घरी आले. मी त्यांना ते ऐकवलं, आणि त्यांनी विचारायच्या आतच बोललो, "उस्ताद, तुम्ही फार जोरात फुंकलंत. मशीनला झेपलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले. म्हणाले, "अस्सं? आमच्या फुंकीनं मशीन फुटलं म्हणा की!"

मी म्हणालो, "तसंच समजा."

ही ती गोष्ट. तिचा जन्म माझ्या बैठकीच्या खोलीत झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी उस्तादांचे वरचे पुढचे दात गेले. क्लॅरिनेट धरताना वरचे दात त्याच्या तोंडावर टेकवावे लागतात, आणि कवळी तिथं हलते. त्यांनी चार-सहा महिने धडपड केली आणि मग वाद्य पेटीत घालून ठेवलं. ती धून दुसऱ्या कुणाला नीट येत नाही. म्हणजे जगात ती फक्त माझ्या त्या फाटलेल्या रेकॉर्डिंगमध्ये उरली.

यंदा उस्तादांच्या नातीचं लग्न ठरलं. जिच्यासाठी धून बांधली त्याच थोरल्या मुलीची मुलगी. ती थोरली मुलगी एके सकाळी माझ्या घरी आली आणि म्हणाली, "मामू, माझ्या बिदाईला अब्बांनी वाजवलं होतं. माझ्या पोरीला निदान रेकॉर्डवर तरी ऐकू द्या. तुमच्याकडं हाय म्हणतात. फाटलेलं का असंना, द्या." लग्नाला पंधरा दिवस होते. मी तिला म्हणालो, फाटलेलं देणार नाही, नीट करून देतो. तोंडातून निघून गेलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मुलगी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि संगणकाशी कुठल्या भाषेत बोलते देव जाणे. वडील यंत्रमागावर कामाला होते, त्यामुळे गोंगाटात लहानपण गेलं आणि कान तयार झाला, असं ती स्वतःच सांगते. मी तिच्याकडे मशीनमधलं कार्ड घेऊन गेलो.

तिनं फाइल उघडली. पडद्यावर आवाजाचं चित्र आलं. पहिली दोन मिनिटं टेकड्यांसारखी होती आणि पुढे नुसती वीट.

"काका, हे कुणी घेतलं रेकॉर्डिंग?"

मी म्हणालो, "जुनं आहे."

"जुनं नाय, वाईट आहे," ती म्हणाली आणि चित्र मोठं करत गेली. वीट उलगडली तशा आत लाटा दिसू लागल्या. प्रत्येक लाटेचा माथा छाटलेला. डोंगराचा शेंडा कापून वर गच्ची बांधावी तसा सपाट. खालच्या बाजूलाही तसंच. "बघा. सगळ्या गच्च्या एकाच उंचीवर. याच्यावर मशीनला मोजताच येत नाही. तिथून वरचं सगळं गेलं. टेप असती तर माथा गोल झाला असता. इथं सरळ कुऱ्हाड."

मी विचारलं, "मशीन बिघडलं असेल?"

"मशीन ठणठणीत आहे. चाक जास्त फिरवलेलं आहे."

मी चहाचा पेला उचलला. त्यात चहा नव्हता.

असे छाटलेले माथे जोडायला डी-क्लिपर नावाची सोय असते. ती तिनं मला समजावून सांगितली, आणि मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचं मुकाट्यानं ऐकलं. आवाज म्हणजे सेकंदाला चव्वेचाळीस हजार ठिपके. माथा छाटला म्हणजे तिथले ठिपके खोटे झाले. डी-क्लिपर ते खोटे ठिपके टाकून देतो आणि दोन्ही बाजूंचा खरा चढ-उतार बघून मधला शेंडा कसा असेल ते काढतो. चार-सहा ठिपके गेले असतील तर जवळपास बरोबर येतो. गच्ची जितकी लांब, तितका अंदाज वाढत जातो.

"म्हणजे गेलेलं परत येत नाही?" मी विचारलं.

"गेलेलं गेलंच, काका. जे येतं ते हुशारीनं बांधलेलं असतं."

आधी तिनं सगळ्या फाइलचा आवाज बराच खाली आणला. मला वाटलं, हिनं चुकीचं बटण दाबलं. पण शेंडे परत बांधायचे तर ते गच्चीच्या वर जाणार. छत आहे तिथंच ठेवलं तर नवे शेंडे पुन्हा छाटले जातील. मग तिनं एक रेघ ओढली. या रेघेच्या वर ते छाटलेलं धर, असं संगणकाला सांगायचं असतं. पहिल्यांदा रेघ फार खाली लागली, तर त्यानं चांगल्या लाटाही दुरुस्त करायला घेतल्या आणि क्लॅरिनेट तोंडात रुमाल कोंबल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा रेघ गच्चीच्या वर गेली, तर त्याला काही सापडलंच नाही. तिसऱ्यांदा रेघ गच्चीच्या किंचित खाली आणली.

तिनं वाजवलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. करकर गेली होती. पूर्ण नाही, पण कापडावरचा डाग धुऊन नुसती सावली उरावी तेवढीच उरली होती. मध्ये एका जागी डाव्या माइकचा आवाज फारच गेलेला होता. उजवा माइक ड्रमपासून दूर होता म्हणून तिथं बरा होता. तिनं तेवढा उजवाच दोन्हीकडे घेतला. तीन मिनिटं, साडेतीन, चार. उस्ताद वाजवत होते. मला इतका आनंद झाला की मी तिच्यासाठी खाली जाऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पुडकं आणलं. ती म्हणाली, "काका, अजून शेवट राहिलाय."

शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोन्ही माइक गेलेले. उस्ताद उठून पुढे आले होते ना. तिथं गच्च्या एवढ्या लांब होत्या, की चढ-उतार जवळपास उरलाच नव्हता. डी-क्लिपरनं तिथंही सूर बांधून दिला. गोल, स्वच्छ सूर. पण ती मधली घसरण, ते सावरणं, काहीच नाही. कुणीतरी उस्तादांचा फोटो बघून त्यांच्यासारखं वाजवत होतं.

"हे वाचणार नाही," ती म्हणाली. तिनं तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हेनं करून बघितलं आणि हात मागे घेतला. "एक होऊ शकतं. पहिला मुखडा चांगला आहे. तो उचलून शेवटी बसवते. सूर तेच आहेत. कुणाला कळणार नाही."

मला ते फार आवडलं. म्हणजे धून पूर्ण झाली असती, उस्तादांची मुलगी खूश, नात खूश, आणि चाकाचा विषय कायमचा बंद. मी "बसव" म्हणालोसुद्धा. तिनं बसवला. सांधा दिसेना. आणि ऐकताना माझ्या लक्षात आलं, की एका माणसाला कळेल. तो माणूस ऐकेल, माझ्याकडे बघेल आणि पुन्हा नुसता हसेल. नऊ वर्षांपूर्वीचं ते हसणं मला पुन्हा बघायचं नव्हतं.

"काढ तो," मी म्हणालो. "उद्या मी त्यांनाच घेऊन येतो."

उस्ताद इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून आले, जणू वाजवायलाच आले होते. एडिटिंगवाल्या मुलीनं चार मिनिटं ऐकवली. त्यांची बोटं मांडीवर भोकं दाबत होती. मग तिनं शेवटचा भाग ऐकवला, आधी फाटलेला, मग डी-क्लिपरनं बांधलेला.

"हा कोन वाजवतोय?" उस्तादांनी विचारलं.

"संगणक," ती म्हणाली.

"चांगला वाजवतो. पण ह्याला पोरगी नाय वाटतं."

मग मी बोललो. आदल्या रात्री जुळवलेली वाक्यं आठवेनात, म्हणून सरळ बोललो. "उस्ताद, तुम्ही जोरात फुंकलं नव्हतं. चाक मी जास्त फिरवलं होतं. तुम्ही दिवा दाखवलात तरी मी ऐकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यावर ढकललं."

 मुलगी पडद्यात बघत बसली.

"मालूम हाय की," उस्ताद म्हणाले.

"काय मालूम?"

"दिवा मीच दावला नव्हं? लाल म्हंजे थांब, हे सिग्नलवरच्या म्हशीला बी कळतंय."

"मग नऊ वर्षं मशीन फुटलं म्हणून सांगत काय सुटलात?"

"हौ! तुमी बक्षीस दिलं ते मी वापरलं. धंदा वाढला माझा. 'मशीन फोडणारा कोन, त्याला बोलवा' म्हनायचे लोक." ते हसले. यावेळी पूर्ण हसले, कवळीसकट. मलाही हसू फुटलं, आणि ती मुलगी तर तोंडावर हात धरून बसली होती.

मग मी विचारलं, जे मला इतकी वर्षं खात होतं. "मग पुन्हा रेकॉर्डिंगला का नाही बसलात? मला वाटलं, तुम्ही रागावलात."

उस्ताद सदऱ्याची बाही सारखी करू लागले. "तुमी बोलावलंच नाय, मास्तर. मी वाट बघितली की. दात हालाय लागले तवाबी वाटलं, आता बोलावतील. स्वतःहून कसं म्हनायचं, माझं पुन्हा घ्या म्हनून?"

मी शरमेपोटी बोलावलं नव्हतं, आणि ते मानापोटी आले नव्हते. दोन वर्षं त्यांना दात होते, माझ्याकडे मशीन होतं आणि टॉवेलचं गोदाम चार गल्ल्या पलीकडे होतं. चाक जास्त फिरवणं ही चूक होती. हे चुकीपेक्षा मोठं आहे, आणि त्याच्यावर त्या मुलीकडे काही सोय नाही. मी तसं म्हणालो. उस्ताद म्हणाले, "जाऊ द्या हो. लग्न पंधरवड्यात नाय, आता आठवड्यात हाय. शेवटाचं काय करायचं ते सांगा."

फाटलेला शेवट नातीला ऐकवायचा नाही, आणि संगणकाचा तर मुळीच नाही, हे त्यांनीच ठरवलं. मग उरलं काय? एडिटिंगवाली मुलगीच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला तोंडानं येतंय का?"

बँडवाले धून वाद्यावर घ्यायच्या आधी तोंडानंच शिकतात. उस्तादांनी तिथल्या तिथं शेवटचा मुखडा तोंडानं म्हणून दाखवला, "ला" आणि "री" आणि अधूनमधून नुसता श्वास. आवाज म्हातारा, पण ती घसरण आली, ते सावरणं आलं. मुलीनं डोळे पुसले आणि आपण जागरणानं दमलोय असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा टॉवेलच्या गोदामात. मशीन तेच, गठ्ठा वेगळा. या वेळी मी पुस्तिका वाचून गेलो होतो. "उस्ताद, आधी सगळ्यात जोराचा भाग म्हणा," मी म्हणालो. त्यांनी म्हटला. मी चाक मागे घेतलं, आणि पट्ट्या पाऊण उंचीलाच अडतील एवढी जागा वर सोडली.

"दिवा लागला काय?"

"नाही."

"अजून जोरात म्हनू?"

"म्हणा."

त्यांनी गठ्ठे हलतील असा सूर लावला. खोकला आला. "आता?"

"आता पण नाही."

"छ्या!" उस्ताद म्हणाले. "मशीन सुधारलं का मी बिघडलो?"

लग्नात बिदाईच्या वेळी धून लावली. चार मिनिटं क्लॅरिनेट, आणि शेवटाला क्लॅरिनेट थांबून आजोबांचा आवाज. सांधा आम्ही लपवला नव्हता. श्वास घेण्याएवढी जागा मध्ये तशीच ठेवली होती. नात गाडीपाशी पोचली होती. आवाज ऐकून ती थबकली, वळून आजोबांकडे बघितलं, आणि रडता रडता हसली. थोरली मुलगी माझा हात धरून उभी होती. 

गाडी गेल्यावर कुणीतरी उस्तादांना विचारलं, शेवटाला क्लॅरिनेट का नाही? उस्ताद छाती काढून म्हणाले, "तितं मशीन फुटलं." आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. लग्नघरात वाद नको म्हणून मी जिलेबी खाल्ली.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "झकास. सगळं ऱ्हाऊ द्या. तेवढं मशीन फुटलं नव्हतं, ते खोडा."

मी खोडलेलं नाही. दिवा दुसऱ्या मिनिटाला लागला होता, त्यांनी तो मला दाखवला होता, आणि चाक माझ्या हातात होतं.